नुसता मेनूच चिकटवून आलेला मेसेज: वाचायचा कसा आणि उत्तर काय द्यायचं

रात्री पावणेदहाला सेवा केंद्राच्या नंबरवर मेसेज येतो. नमस्कार नाही, नाव नाही, प्रश्न नाही. वेबसाइटवरून उचललेलं, वरून खाली नुसतं असं:

```
Skip to Main Content
Home
Farmers Corner
New Farmer Registration
e-KYC
Know Your Status
Beneficiary List
```

आणि त्याखाली असंच आणखी वीसेक ओळी. परभणी जिल्ह्यात तहसीलसमोर मी बरीच वर्षं सेवा केंद्र चालवतोय. पीएम किसानचा हप्ता पडायच्या सुमारास असे मेसेज रोज येतात. माझ्याकडं नवीन बसणारी पोरं सुरुवातीला दोनच उत्तरं देतात. एक तर 'काय काम आहे?' असं विचारतात, नाही तर योजनेची अख्खी माहिती पाठवून देतात. पहिल्या उत्तरावर समोरून पुन्हा तोच मेनू येतो. दुसऱ्यावर काहीच येत नाही. हा लेख त्या पोरांसाठी आणि गावात 'तुला मोबाईलमधलं कळतं' म्हणून ज्यांना असले मेसेज येतात त्या सगळ्यांसाठी आहे. उदाहरण पीएम किसानचं घेतलंय, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त चिकटवाचिकटवी त्याचीच होते.

लागणाऱ्या गोष्टी

- तीच वेबसाइट उघडलेला तुमचा स्वतःचा संगणक किंवा दुसरा फोन. मेसेज एका पडद्यावर आणि पान दुसऱ्या पडद्यावर असलं की निम्मं काम झालं.
- एक साधी वही. कुणाचा मेसेज, कोणतं पान, कुठं अडलं आणि शेवटी काय निघालं, एवढंच लिहायचं. आधार नंबर वहीत उतरवायचा नाही.
- तालुक्यात कोणतं काम कोणत्या टेबलावर होतं त्याची यादी. पीएम किसानमध्ये जमिनीची नोंद जुळवायचं काम तुमच्याकडं तहसीलला आहे की कृषी कार्यालयात, हे एकदा जाऊन विचारून ठेवा.

१. आधी नंबर झाका

मेसेज गावाच्या ग्रुपवर आला असेल तर वाचायच्या आधी त्यात आधार नंबर, खाते नंबर किंवा ओटीपी आहे का ते बघा. सगळं पान उचलून चिकटवणाऱ्याला आपण काय काय उचललं हे माहीत नसतं. असेल तर लगेच फोन करा आणि मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला लावा. ग्रुपवर 'काका, तुमचा आधार दिसतोय' असं लिहू नका. न बघणारेही बघायला जातात.

२. मेसेज शेवटपर्यंत उघडा

ही पायरी मी मार खाऊन शिकलोय. व्हॉट्सॲप लांब मेसेज अर्ध्यात दुमडतं आणि खाली `Read more` दाखवतं. एका रात्री एका मामांचा असाच मेसेज आला. मी जेवता जेवता वरच्या सात-आठ ओळी बघितल्या, त्यात `e-KYC` दिसलं आणि उत्तर ठोकून दिलं: 'मामा, केवायसी राहिली असेल, उद्या अंगठा द्यायला या.'

मामा दुसऱ्या दिवशी काळीपिवळीत बसून अठरा किलोमीटरवरून आले. मशीनवर बसवायच्या आधी मी त्यांचं स्टेटस काढलं, तर केवायसी झालेलीच. मामा म्हणाले, "आरं, ते तर मागंच केलं होतं की. मी तुला समदं पाठवलं होतं ना!" खरंच पाठवलं होतं. `Read more` दाबल्यावर खाली हे निघालं:

```
Eligibility Status
Land Seeding : YES
e-KYC Status : YES
Aadhaar Bank Acc
```

उत्तर त्यांच्याच मेसेजमध्ये पडलेलं होतं, मी फक्त उंबऱ्यावरून परत फिरलो होतो. मामांच्या जायच्या-यायच्या भाड्याचे पैसे मी देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, पण चहाचे मात्र मला देऊ दिले.

३. रोजचं आणि आजचं वेगळं करा

चिकटवलेल्या मजकुराचे दोन भाग असतात. एक भाग त्या वेबसाइटच्या प्रत्येक पानावर असतो: वरचा मेनू, भाषा बदलायचं बटण, अक्षर लहान-मोठं करायच्या खुणा, तळाची कॉपीराइटची ओळ. दुसरा भाग फक्त त्याच पानावर असतो. आपल्याला दुसराच हवा.

तो शोधायची युक्ती सोपी आहे. तुमच्या पडद्यावर त्याच वेबसाइटचं पहिलं पान उघडा. मेसेजमधलं जे जे तिथंही दिसतंय त्यावर मनातल्या मनात काट मारा. उरलं ते आजचं. मामांच्या मेसेजमध्ये मेनूतलं `e-KYC` हे नुसतं दाराचं नाव होतं. ते केवायसी झालेल्यालाही दिसतं आणि न झालेल्यालाही. खालचं `e-KYC Status : YES` ही मात्र त्यांची स्वतःची नोंद होती. शब्द तोच असला तरी एक पाटी आहे आणि एक निकाल. नवीन बसणारा सगळ्यात जास्त इथंच फसतो.

`Skip to Main Content` ही ओळ दिसली की घाबरू नका आणि समोरच्याला ती दाबायलाही सांगू नका. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पान वाचून दाखवतो, त्यांच्यासाठी ती असते. बहुतेक पानांवर ती डोळ्यांना दिसतच नाही, कॉपी केल्यावर मात्र येते. एका पोरानं एका आजोबांना पाऊण तास ती ओळ शोधायला लावली होती.

४. जे आलं नाही ते ओळखा

पान निवडून कॉपी केलं की फक्त पानावर छापलेला मजकूर येतो. चौकटीत माणसानं स्वतः टाईप केलेलं येत नाही. चित्र येत नाही, म्हणून चित्रातला कॅप्चाही येत नाही. मधोमध उडी मारून येणारी सूचनेची खिडकी, जिच्यावर `OK` दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तीही येत नाही. आणि गंमत अशी की अडचण बहुतेक वेळा त्या खिडकीतच लिहिलेली असते. माणूस `OK` दाबतो, खिडकी जाते, मग तो मागं उरलेलं पान उचलून आपल्याला पाठवतो.

म्हणून नुसता फॉर्म आला, म्हणजे `Enter Registration No`, `Enter Captcha`, `Get OTP` एवढंच आलं, तर त्यानं नंबर भरलाच नाही असं समजू नका. भरलाही असेल. तिथं विचारायचं ते असं: 'बटण दाबल्यावर मधेच काही लिहून आलं का? परत दाबा आणि या वेळी OK करायच्या आधी दुसऱ्या फोननं फोटो काढा.' घरात दुसरा फोन असतोच, पोरांच्या हातात.

आणखी एक जागा बघायची, ती म्हणजे शेवटची ओळ. मजकूर शब्दाच्या मधेच तुटला असेल तर बोट तिथून सुटलंय. `Aadhaar Bank Acc` म्हणजे पुढं `ount Seeding Status` आहे आणि त्यापुढं YES किंवा NO. मामांचं सगळं दुखणं त्या तुटलेल्या तुकड्यात होतं.

५. पत्ता विचारा

चिकटवलेल्या मजकुरात वेबसाइटचा पत्ता नसतो. तोच मेनू, तीच चित्रं लावून खोटं पान उभं करणं अवघड नाही. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइली फिरतात, त्या टाकल्या की फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात. तेव्हा मेसेजमध्ये 'अभिनंदन', 'इथं क्लिक करून हप्ता मिळवा' किंवा खात्याचा पिन मागणारी ओळ दिसली, तर बाकी काही विचारायच्या आधी एवढंच विचारा: 'पान उघडलंय तिथं सगळ्यात वर काय लिहिलंय?' खरा पत्ता `pmkisan.gov.in` आहे. वेबसाइटच्या नावाचा शेवट, म्हणजे त्यापुढच्या पहिल्या `/` च्या आधीचा भाग, `.gov.in` नसेल तर पान बंद करायला सांगा. कुणी फाइल टाकून बसलं असेल तर ती काढायला लावा, बँकेला लगेच कळवायला सांगा आणि सायबर फसवणुकीचा 1930 नंबर द्या.

६. उत्तर लिहा: दिसलं ते सांगा, एकच विचारा

आता उत्तर. माझी पद्धत तीन वाक्यांची आहे. पहिल्या वाक्यात मला काय दिसलं ते सांगायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आपलं वाचलं गेलं. दुसऱ्यात काय बरोबर आहे ते. तिसऱ्यात एकच प्रश्न, तोही असा की उत्तर एका शब्दात देता यावं. मामांना मी त्या रात्री जे पाठवायला हवं होतं ते हे:

'मामा, तुमचं पीएम किसानचं स्टेटसचं पान आलं. जमीन आणि केवायसी दोन्हीपुढं YES आहे, तिथं काही करायचं नाही. शेवटची ओळ अर्धी आली, आधार बँकेच्या ओळीपुढं YES आहे का NO, तेवढं सांगा.'

'काय अडचण आहे?' हा प्रश्न टाळा. ज्याला अडचण मांडता आली असती त्यानं मेनू चिकटवला नसता. मराठीत टाईप करायला त्रास होतो, इंग्रजी शब्द म्हणता येत नाहीत, म्हणून तो अख्खं पान उचलून तुमच्या पुढ्यात ठेवतो आणि 'तूच बघ' म्हणतो. शेतातला रोगट झाडपाला पिशवीत घालून कृषी केंद्रावर आणतो ना माणूस, तसंच. तिथंही दुकानदार 'प्रश्न काय?' असं विचारत नाही, पान उलटं करून बघतो.

आजचं असं काहीच उरलं नाही, सगळा मेनूच आहे, तेव्हा अंदाज बांधू नका. दोन-तीन पर्याय द्या: 'काका, हे पहिलं पान आलंय. हप्ता आला नाही म्हणून बघायलात, का नवीन नाव नोंदवायचंय, का दुसरं काही? १, २, ३ असं लिहून पाठवा.' ज्याला टाईप करणं जड जातं त्याला आकडा दाबता येतो. व्हॉइस मेसेज पाठवा म्हटलं तर आणखी बरं. "ते उघडंना गेलंय" एवढं ऐकलं तरी कळतं की पानच उघडत नाहीये, योजनेचा काही संबंध नाही.

७. निकाल हाती आल्यावर

पीएम किसानच्या स्टेटसमध्ये हे तीन रकाने बघायचे. NO कुठं आहे त्यावरून माणूस कुठं पाठवायचा ते ठरतं, म्हणून चुकीच्या दाराला पाठवू नका.

`Land Seeding`, म्हणजे जमिनीची नोंद जुळणं, त्यापुढं NO असेल तर सातबारा, आठ अ आणि आधारची प्रत घेऊन तालुक्याच्या त्या टेबलावर, जे तुम्ही आधी विचारून ठेवलंय. या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन नावावर असणं धरलं जातं. त्यानंतर वारसानं आलेली जमीन चालते, विकत घेतलेली चालत नाही. नंतर खरेदी केलेल्या माणसाला चार चकरा मारायला लावण्यापेक्षा हे पहिल्याच दिवशी सांगा.

`e-KYC Status` पुढं NO असेल तर आधारला मोबाईल जोडलेला आहे का ते विचारा. जोडलेला असेल तर घरबसल्या ओटीपीवर होतं. नसेल तर केंद्रावर अंगठा. म्हाताऱ्या माणसाचे किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, त्यांच्यासाठी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आहे.

तिसरा रकाना, `Aadhaar Bank Account Seeding Status`, जरा थांबून समजून घ्यायचा, कारण मामांचा NO तिथंच होता. मामा म्हणत होते, "बँकेत आधार कवाच दिलाय, झेरॉक्स बी दिली." खोटं नव्हतं. पण खात्याच्या केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि सरकारी अनुदान थेट त्या खात्यात यावं म्हणून, म्हणजे डीबीटीसाठी, आधार जोडणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. मग बँक ती नोंद एनपीसीआयकडं, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक जोडली ते सांभाळणाऱ्या संस्थेकडं, पाठवते. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते आणि शेवटी जी जोडली तिकडं पैसे जातात. त्यामुळं YES असूनही 'हप्ता आला नाही' म्हणणाऱ्याचे पैसे कधीकधी पोरानं नंतर उघडून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात.

कोणती बँक जोडली आहे ते आधारच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून `Bank Seeding Status` मध्ये दिसतं. तिथं बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही एवढंच येतं, खाते नंबर येत नाही. मामांच्या तिथं काहीच जोडलेलं नव्हतं. मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: 'आधार डीबीटीसाठी जोडायचा फॉर्म'. काउंटरवर नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं की परत झेरॉक्स ठेवून घेतात. बँकेत जाताना आधार, पासबुक आणि फोन सोबत ठेवायचा.

भाषांतर झालेलं पान

हे वेगळं सांगतो, कारण कुठल्याच पायरीत बसत नाही. फोनमधलं क्रोम इंग्रजी पान आपोआप मराठी करून दाखवतं आणि लोक तेच कॉपी करतात. एकदा मला 'जमीन बीजारोपण : नाही' असा मेसेज आला, मूळ ओळ `Land Seeding : NO`. पाठवणारे काका वैतागलेले, कारण त्यांचं सोयाबीन कधीच पेरून झालं होतं. अशा वेळी उलटं भाषांतर करत बसू नका. पान इंग्रजीत करून परत पाठवायला सांगा, किंवा ओळींचा क्रम मोजा. क्रम भाषांतरात बदलत नाही.

सातबाऱ्याच्या बाबतीतही असाच एक तुकडा वारंवार येतो. महाभूलेखच्या पहिल्या पानावरची सहा विभागांची नावं, अमरावती, कोकण, नागपूर, नाशिक, पुणे आणि आपला विभाग, एवढंच चिकटवलेलं असतं. हे आलं की समजा माणूस यादीत 'मराठवाडा' किंवा 'लातूर' शोधतोय आणि ते सापडत नाहीये. उत्तर एका ओळीचं: 'औरंगाबाद किंवा छत्रपती संभाजीनगर, जे नाव दिसेल ते निवडा, जिल्हा त्याच्या पुढच्या पायरीला येतो.' आपले आठही जिल्हे त्याच नावाखाली आहेत. धाराशिवकरांना तेवढं जास्तीचं सांगा की जिल्ह्याच्या यादीत जुनं नाव दिसलं तर तेच घ्यायचं. आणि तिथून फुकट निघणारा उतारा फक्त बघण्यापुरता असतो. बँकेत द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांचा काढायला लागतो.

उत्तर आलंच नाही तर

एक दिवस थांबा, मग एकदाच फोन करा. बऱ्याचदा तोवर पुतण्यानं काम करून दिलेलं असतं. फोनवर आधी तुमचं नाव आणि केंद्राचं गाव सांगा, कारण हल्ली अनोळखी नंबरवरून 'पीएम किसान' म्हटलं की शहाणी माणसं फोन कट करतात. त्यांनी कट केला तर वाईट वाटून घेऊ नका. वहीत त्या ओळीपुढं तारीख टाका आणि पुढच्या मेसेजकडं वळा.